पुसट पावतीचे वाचन

दुकानातल्या चिमुकल्या यंत्रातून सर्रकन बाहेर येणाऱ्या पावतीवर शाईचा एक थेंबही नसतो, हे आपल्या लक्षात येते ते ती पावती कोरी पडल्यावरच. त्या कागदाच्या गुळगुळीत बाजूवर दोन द्रव्यांचा लेप असतो. एक रंगहीन अवस्थेतले रंजक आणि दुसरे त्याला रंगावर आणणारे, आम्लधर्मी. यंत्रातील तापलेल्या टोकाखाली ती वितळून एकमेकांत मिसळतात आणि तेवढाच ठिपका काळा होतो. घोळ असा की ही क्रिया उलटही फिरते. ऊन, हाताचे तेल, दमटपणा आणि विशेषतः मऊ प्लॅस्टिकचे पाकीट, ज्याला मऊ ठेवण्यासाठी घातलेले द्रव्य हळूहळू कागदात उतरते, यांपैकी काहीही रंजकाला पुन्हा रंगहीन करू शकते. म्हणजे बिल जपायचे म्हणून जे प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये सरकवावे, तेच पावसाळा सरता सरता पांढरे होऊन हाती यावे. लॅमिनेशन करून आणणाऱ्यांची गत आणखी वाईट, कारण त्या यंत्राच्या उष्णतेने सबंध कागदच काळा होतो.

आमच्या घरातल्या मिक्सरचे बिल असेच कोरे पडले होते. भांड्याचा बुश झिजला असता तर बिलाची आठवण कोणाला झाली नसती, पण मोटर गेली आणि वॉरंटीचा प्रश्न आला. दादरच्या दुकानातून घेतलेले ते बिल खिडकीशी तिरके धरले की कुठे तरी काही तरी छापलेले असावे, एवढाच भास होत होता.

अशा वेळी मोबाइलमधील कागदपत्रे टिपणारे ॲप वापरण्याचा मोह होतो आणि नेमके तेच करू नये. पार्श्वभूमी स्वच्छ पांढरी करणे हे त्या ॲपचे काम, आणि आपली उरलेली अक्षरे तर त्या पार्श्वभूमीहून जेमतेम गडद असतात. कचऱ्याबरोबर तीही झाडली जातात. साधा सपाट स्कॅनर घ्यावा, रंगीत, ६०० डीपीआयवर, आपोआप सुधारणा करणारे सगळे पर्याय बंद ठेवून, आणि चित्र जेपीजीऐवजी टिफमध्ये जतन करावे, कारण आकार कमी करताना जेपीजी अशाच बारीक फरकांचा बळी देतो. मग लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंगपट वेगळे करून पाहावेत. GIMP या मोफत सॉफ्टवेअरमध्ये Colors > Components > Decompose येथे ते होते. विटलेल्या छपाईचा उरलासुरला अंश बहुधा पिवळसर किंवा तपकिरी असतो आणि पिवळे डाग निळा प्रकाश शोषतात. त्यामुळे लाल पटात कागद कोराच दिसतो आणि निळ्या पटात, उजळ-काळोखाची मर्यादा थोडी आवळली की, ओळी वर येऊ लागतात. आमच्या बिलावर दुकानाचे नाव, जीएसटी क्रमांकाचा तुकडा आणि रकमांचा रकाना असे तीन पट्टे उमटले.

हेअर ड्रायरचा उपायही बऱ्याच जणांना ठाऊक असतो. कागदाच्या मागून ऊब दिली की जिथे छपाई झालीच नव्हती तिथला अनाघ्रात लेप काळवंडतो आणि अक्षरे फिकट राहून काळ्या पाटीवरच्या खडूसारखी दिसू शकतात. तथापि हा जुगार आहे. उष्णता जरा अधिक झाली की अक्षरे आणि पार्श्वभूमी एकाच काळोखात बुडतात आणि परत येण्याची वाट नसते. स्कॅन झाल्याशिवाय आणि कागदाचा एखादा निरुपयोगी कोपरा तापवून पाहिल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

वर आलेली ओळ वाचता येतेच असे नाही. करपूर्व किमतीच्या जागी ३,३०० आहे की ३,८००, हे चित्र कितीही मोठे करून ठरेना. तिथे डोळ्यांपेक्षा हिशोब कामाला आला. खालच्या ओळीत केंद्राच्या कराचे ३४२.०० स्पष्ट होते. नऊ टक्क्यांनी ३,३०० वर २९७ होतात आणि ३,८०० वर बरोबर ३४२. राज्याचा कर तेवढाच, म्हणून एकूण ४,४८४, आणि बेरजेच्या ओळीतले दोन शाबूत चौके त्याला पुष्टी देत होते. जीएसटी क्रमांकालाही अशीच शिस्त असते. पंधरा स्थानांपैकी पहिली दोन राज्याची, महाराष्ट्रासाठी २७. पुढची दहा पॅनची, ज्यात पाच अक्षरे, चार अंक आणि एक अक्षर हा क्रम ठरलेला. त्यामुळे पाचव्या स्थानावरचा गोल आकार शून्य नसून ओ हे अक्षरच, आणि नवव्या स्थानावरची वळणदार रेघ एस नसून पाच, हे न दिसताही सांगता येते. तारखेला मात्र असा कोणताच आधार नव्हता. १३ की १८, हे बँकेच्या खातेउताऱ्यात त्याच रकमेची नोंद सापडली तेव्हा कळले. पुसटलेल्या आकड्यावर पेन फिरवण्याचा सल्ला एका शेजाऱ्याने दिला होता. तो मानला असता तर पुराव्याची खाडाखोड झाली असती. मूळ कागद जसा होता तसा, आणि स्कॅन व उतारा सोबत जोडून आम्ही सेवा केंद्रात दिला.

कार्बन कॉपीचे दुखणे अगदी निराळे आहे. गिरगावात आमच्या नातलगांच्या चाळीत दुरुस्तीसाठी गोळा केलेल्या वर्गणीचे पावतीबुक चिटणीस काकांच्या कपाटात आहे. मूळ पावती भाडेकरूला, आणि खालचा कागद बुकात, असा रिवाज. पण निळा कार्बन पार गुळगुळीत होईपर्यंत बदलायचा नाही, हाही रिवाजच. त्यामुळे मधली पाने जवळपास कोरी. "अहो, यात काय वाचणार तुम्ही?" काकांनी विचारले. रंगाची आशा थोडी होती, आणि असलीच तर ती लाल पटात, कारण निळी खूण लाल प्रकाश शोषते. खरी आशा होती ती बॉलपेनच्या दाबाची. उष्णतेची छपाई कागदावर खाच पाडत नाही; हाताने लिहिलेली प्रत पाडते.

खोली अंधारी करून टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून, बाजूने धरला आणि वरून सरळ फोटो घेतले. प्रकाश डावीकडून असता काने आणि दंड उठून दिसले, शिरोरेषा गडप. प्रकाश पानाच्या वरच्या बाजूने आणताच शिरोरेषा उगवल्या आणि काने मावळले. प्रकाशाला समांतर जाणाऱ्या खाचेची सावलीच पडत नाही, म्हणून दोन्ही फोटो शेजारी ठेवूनच शब्द जुळवावा लागतो. पेन्सिल घासून खाचा दाखवण्याची शाळकरी युक्ती इथे घातक, कारण शिसे उंचवट्यांवर बसते आणि उरलेली निळी छटा कायमची झाकते.

एक फसगत मात्र ठरलेली. पावतीखाली पुठ्ठा सरकवला नसेल तर आधीच्या पावतीचा दाब पुढच्या पानांवरही उतरतो, आणि एकाच जागी दोन नावे दिसू लागतात. भिंगाखाली ज्या खाचेत निळ्याचा कण सापडेल ती त्याच पानाची. नुसतीच कोरी खाच बहुधा वरून झिरपलेली. पावती क्रमांक २१३ वर याच रीतीने आडनाव आणि पाचशेचा आकडा निघाला, आणि 'अक्षरी' रकान्यातील 'पाचशे'तल्या शकाराने त्याला दुजोरा दिला. तारखेचा दिवस काही केल्या निघेना. पण छापील क्रमांक ओळीने येतात. २१२ वर १४ तारीख होती आणि २१४ वर १६. तेव्हा काकांनी उताऱ्यात '१४ ते १६ यांमधील' असे लिहिले आणि पुढच्या पानाच्या कडेला टॉर्च टेकवला.