फेब्रुवारीत पाऊस

बुधवार, रात्री ९

इचलकरंजीच्या गिऱ्हाइकाचा दुपारी फोन. बिलाचं नाव काढायच्या आधीच हसायला लागले. "मॅडम, फेब्रुवारीत पाऊस कसला विचारताय?"

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी उधारी बघते. त्याच त्या आठवणीच्या मेलसाठी जीमेलमध्ये टेम्प्लेट करून ठेवलंय. सेटिंग्जमध्ये Advanced मध्ये जाऊन Templates चालू केलं की झालं. जुलैत शिनोळीच्या अण्णांना मेल लिहिताना "तिकडे पाऊस कसा आहे?" असं वर घातलं होतं. त्याच मेलमध्ये खालचं एक वाक्य नीट जमलं, म्हणून Overwrite दाबलं. वाक्याबरोबर पाऊसही टेम्प्लेटमध्ये जाऊन बसला. तेव्हापासून सगळ्यांना पाऊस! पावसाळाभर कुणाला काही वाटलं नसेल, पण नंतर?

आपुलकीची ओळ टेम्प्लेटमध्ये ठेवायचीच नाही, हे आता पक्कं. तिथे नुसतं @@ ठेवलंय. मागच्या फोनवर काय बोलणं झालं ते आठवून ती ओळ दर वेळी हातानेच लिहायची. काही आठवलं नाही तर ओळ काढून टाकायची, उगाच हवापाणी नको. आणि टेम्प्लेट सुधारायचं तर कोऱ्या मेलमध्ये उघडून, भरलेल्या मेलवरून कधीच नाही.

संध्याकाळी बाकीचाही मजकूर नव्याने लिहिला. आधी होतं, "@@ ना कळवतो की आपला @@ अजून मिळाला नाही." यात पाटील भरलं की "पाटील ना" होतं, आपण तर "पाटलांना" म्हणतो. दुसऱ्या जागी चेक चालतो, पण रक्कम भरली की "आपला रक्कम मिळाला नाही". असलं वाचल्यावर मशीनने पाठवलंय हे कुणीही ओळखेल. शिवाय "कळवतो" माझ्या तोंडी कुठलं, ते जुन्या कारकुनांचं राहिलेलं. आता भरायच्या शब्दाला प्रत्ययही लागत नाही आणि क्रियापदही त्याच्यावर अडत नाही:

```
नमस्कार @@,
@@
बिल क्रमांक: @@
बाकी: @@ रुपये
पैसे कधीपर्यंत येतील तेवढं कळवा, म्हणजे मी परत फोन करून त्रास देणार नाही.
```

पहिल्या @@ मध्ये ज्याला जशी हाक मारते तशीच: अण्णा, पाटीलसाहेब, वहिनी. शेवटचं वाक्य मी फोनवर बोलते तसंच ठेवलं. "विनंती की" वगैरे सगळं उडवलं.

पत्ता सगळ्यात शेवटी टाकायचा, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणार नाही. एखादा @@ राहिलाच तर Undo Send ची वेळ ५ सेकंदांवरून ३० केलीय. पाठवल्यावर तेवढा वेळ हात माउसवर ठेवून वाचते.

इचलकरंजीला नवीन मेल गेला. वर लिहिलं, "पाऊस नाही विचारत आता, बिलाचंच बघा की." पाच मिनिटांत उत्तर, सोमवारी पाठवतो म्हणून.