आजीचं खिशातलं घड्याळ: कथेचा तिसरा खर्डा कुठवर आलाय

मागच्या वेळी लिहिलं होतं की शेवट जमत नाहीये, तर आता तो जवळपास जमलाय आणि तो जमला घड्याळामुळेच, म्हणून आधी तेच सगळं सांगतो. नवीन लोकांसाठी थोडक्यात: पाटणच्या वरच्या अंगाला एक गाव, आजी ८४ वर्षांची, दोघं मुलगे वाटणीपासून ११ वर्षं एकमेकांच्या दारात गेलेले नाहीत, दोघांच्या गौरी वेगवेगळ्या बसतात, मुलगी नागपूरला. या वर्षी पहिल्यांदा सगळे आजीकडे एकाच गौरीला जमतात आणि नेमक्या त्याच दिवशी आजीचं घड्याळ बंद पडतं.

पहिल्या खर्ड्यात घड्याळ नुसतंच बंद पडत होतं, कारण काही नाही. गटातल्या दोघीतिघींनी तेव्हाच विचारलं होतं की का बंद पडलं, आणि मी म्हटलं होतं की ते प्रतीक आहे. आता वाटतं की त्या बरोबर होत्या. घड्याळ हे यंत्र आहे, ते कारणाशिवाय थांबत नाही, आणि कारण शोधलं तर कदाचित गोष्टच मिळेल, असं म्हणून मी पुण्याच्या जुन्या बाजारातून वेस्ट एंड वॉच कंपनीचं एक खिशातलं घड्याळ घेतलं. डायलवर क्वीन ॲन लिहिलेलं, खाली सेकंदाचा वेगळा छोटा काटा. या कंपनीची घड्याळं आपल्याकडे जुन्या घरांत बऱ्याच ठिकाणी सापडतात, त्यामुळे आजीकडे हेच असणार हे तिथेच ठरलं.

आजीकडे खिशातलं घड्याळ कसं, हा दुसरा प्रश्न होता. आधी मी आजोबांना रेल्वेत गार्ड केलं होतं आणि घड्याळ त्यांचं. पण मग ते आजीचं राहत नाही, ती नुसती सांभाळणारी होते, आणि मला ते तिचंच हवं होतं. म्हणून आजीला नर्स केलं, आरोग्य केंद्रातली, रात्री-अपरात्री वाड्यावस्त्यांवर बाळंतपणाला जाणारी. कोपरापर्यंत हात धुवायचे तर मनगटी घड्याळ दरवेळी काढून ठेवावं लागतं, खिशातलं मात्र त्या घरातल्या खुंटीला टांगलं की झालं, लांबून दिसतं. नाडी मोजायला तो सेकंदाचा छोटा काटा, अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायची. आणि जन्मवेळ! मूल झालं की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी आणि दुसरा वेळ काय झाली, कारण पत्रिका मांडायची असते. तर आजीची एक वही आहे, तीत पंचक्रोशीतल्या कितीतरी पोरांच्या वेळा आहेत आणि स्वतःच्या नातवंडांच्याही. म्हणजे या घरातल्या बहुतेकांच्या पत्रिका याच घड्याळावरून मांडलेल्या आहेत. हे सुचलं तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही लिहूच शकलो नाही.

आता बंद पडण्याचं कारण. दुसऱ्या खर्ड्यात मी असं केलं होतं की पाच नातवंडं एकेक करून घड्याळाला चावी देतात आणि जास्त चावी बसून ते अडकतं. ते घेऊन पेठेतल्या एका घड्याळवाल्या काकांकडे गेलो, माझं घड्याळ सर्व्हिसिंगला द्यायचंच होतं. त्यांनी गोष्ट नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "अहो, जास्त चावीनं घड्याळ बंद पडत नाही. चावी भरली की ती पुढे फिरतच नाही आणि घड्याळ छान चालतं." मग लोक असं का म्हणतात, तर त्याचं कारणही त्यांनीच सांगितलं. आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं, घड्याळ त्यामुळे थांबतं, मग माणूस सुरू करायला चावी देतो, भरेपर्यंत देतो, तरी ते चालत नाही, आणि दुकानात आणतो तेव्हा चावी गच्च भरलेली असते. म्हणून त्याला वाटतं की चावीनंच बंद पडलं.

मग मी विचारलं की नुसत्या हातानं ओळखता येतं का काय झालंय. तर येतं, आणि हे मला पूर्ण कथेत सगळ्यात उपयोगी पडलं. चावीचं बोंडूक फिरवायचं. लगेच गच्च लागलं तर कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, भरलेली आहे, ताकद आहे पण पुढे चक्रांत कुठेतरी अडलंय, वाळलेलं तेल किंवा कचरा. नुसतंच फिरत राहिलं, कितीही फिरवा, जोर लागतच नाही, तर कमान तुटलीये. आणि सैल सुरू होऊन हळूहळू जोर वाढत गेला तर घड्याळाला काहीही झालेलं नाही, त्याला कुणी चावीच दिलेली नाही.

तिथेच दुकानात बाकावर बसून मला शेवट मिळाला. आजीनं चावी दिलीच नाही.

(मध्ये एकदा घड्याळ पोराच्या हातून पडतं असंही करून बघितलं होतं. जुन्या घड्याळात बॅलन्सच्या, म्हणजे आत झोके घेणाऱ्या चाकाच्या, दांड्याचं टोक केसासारखं बारीक असतं आणि धक्क्यापासून वाचवायला खाली काही नसतं, त्यामुळे एका पडण्यात ते मोडतं, हे अगदी खरं आहे. पण मग कथा त्या पोराच्या अपराधाची होते आणि दोघं भाऊ बाजूला राहतात. काढून टाकलं.)

पण आजी का विसरेल? ६० वर्षांची सवय आहे. इथे मला रेडिओ सापडला. ती रोज सकाळी आकाशवाणीच्या ७:०५ च्या प्रादेशिक बातम्या लावते, बातम्या सुरू होताना काटे जुळवते आणि चावी देते. सवय रेडिओला बांधलेली आहे, घड्याळाला नाही. गौरी आवाहनाच्या दिवशी सकाळी तिनं चावी दिली. संध्याकाळी सगळे आले. रात्री माजघरात ओळीनं गाद्या पडल्या, दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली, आणि रेडिओ त्याच माजघरातल्या कोनाड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं उठतील म्हणून आजी रेडिओ लावत नाही. बस, एवढंच.

मग हिशोब करायला लागलो की ते थांबेल कधी. सर्व्हिसिंगच्या आधी माझं घड्याळ भरल्या चावीवर १९ तासच चालायचं, म्हणजे तेल वाळलेलं होतं. सर्व्हिसिंगनंतर तीन वेळा मोजलं: ३१ तास १० मिनिटं, ३० तास ४० मिनिटं, ३२ तास ५ मिनिटं. आदल्या सकाळी ७:०५ ला चावी दिली तर ३१ तासांनी दुसऱ्या दिवशी दुपारचे २ वाजून गेलेले असतात. गौरीपूजनाच्या दिवशी दुपारी २ ला काय चाललेलं असतं ते तुम्हाला माहितीच आहे, नैवेद्य होऊन पंगत बसलेली असते. वेळ मी ओढून आणली नाही, ती आपोआप तिथे आली, आणि ते बघून मला फार आनंद झाला.

एक चूक मात्र दोन खर्डे टिकून होती, ती तुमच्यापैकी कुणी घड्याळ लिहीत असेल तर सांगतो. मी लिहिलं होतं की "टिकटिक मंदावत मंदावत थांबली". तसं होत नाही. मी तिसऱ्या चाचणीला शेवटचा तासभर कानाशी धरून बसलो होतो. बॅलन्सचा झोका लहान होत जातो, पण सेकंदाला पाच ठोक्यांची चाल साधारण तीच राहते, फक्त आवाज बारीक होत जातो, शेजारच्या खोलीत गेल्यासारखा. आणि मग नाही. हलवलं तर पाचदहा ठोके पडतात आणि पुन्हा थांबतं.

मग हे लक्षात कुणाच्या येणार? पंगतीत सगळ्यांकडे मोबाइल, वेळ कुणी कुणाला विचारत नाही. मी ते मोठ्या मुलाला दिलं. लहानपणी रात्री बोलावणं आलं की कंदील आणि घड्याळ काढून देणं त्याचं काम होतं, त्यामुळे खुंटीकडे बघायची त्याची सवय गेलेली नाही. तो तुकडा आत्ता असा आहे:

"दादानं वाढता वाढता खुंटीकडे बघितलं. दोन दहा. दुसरी पंगत उठली, बायका बसल्या, त्यानं परत बघितलं तर दोन दहाच. त्यानं पुरणाचे हात धुतले, घड्याळ काढलं आणि बोंडूक दोन बोटांत धरलं. धाकटा दाराशी पत्रावळी गोळा करत होता, तोही थांबला.
'तुटलं?' धाकट्यानं विचारलं. अकरा वर्षांत त्यानं आपणहून विचारलेलं हे पहिलंच.
दादानं एक फेर दिला, सैल. दुसरा, सैल. तिसऱ्याला बोटाला जोर लागला.
'नाही रे. आईनं चावीच दिली नाही.'
दोघांनी स्वयंपाकघरात बघितलं. आई सुनांच्या मधे पाटावर बसून जेवत होती."

यानंतर दादा चावी पूर्ण देतो का, यावर बरंच थांबलो होतो. आत्ताच्या खर्ड्यात तो घड्याळ धाकट्याच्या हातात देतो, धाकटा चावी भरतो आणि मोबाइल बघून काटे लावायला लागतो तर आजी आतून ओरडते, "काटे नको रे लावू, उद्या बातम्यांना मी लावीन." ते वाक्य मला आवडतं. वहीचा प्रसंग मात्र अजून नीट बसत नाही, तो पंगतीच्या आधी घेतला तर लांबण लागते आणि नंतर घेतला तर कथा दोनदा संपते. सध्या तो आदल्या रात्री, पोरं आपापली जन्मवेळ वाचून घेतात असा ठेवलाय. एकूण शब्द २९०० च्या आसपास, त्यातले ४०० तरी काढायचे आहेत, बहुतेक वाटणीच्या भांडणातले, ते मी फार समजावून सांगितलंय.

आणि काल एक गोष्ट लक्षात आली. माझ्या तिन्ही चाचण्यांमध्ये घड्याळ टेबलावर आडवं होतं, आजीचं मात्र खुंटीला उभं टांगलेलं असतं. काकांना फोन केला तर ते म्हणाले की उभ्या घड्याळात घर्षण जास्त, झोका लहान पडतो, थोडं आधी थांबू शकतं. किती आधी ते करूनच बघायला पाहिजे, कारण तासभर जरी फरक पडला तरी पंगत अजून बसलेलीच नसेल आणि दादाच्या हातात वाढायचं भांडं असणार नाही. म्हणून आज सकाळी ७:०५ ला चावी भरून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलंय. उद्या चावी देणार नाही. दुपारी १ पासून समोर बसतो आणि किती वाजता थांबलं ते इथेच खाली लिहितो.