कडेची माणसं आणि 8×10ची प्रिंट

"भाऊ, मोबाइलवर फोटो पूर्ण दिसतो, मग 8×10ची प्रिंट काढली की कडेच्या माणसाचं डोकं कसं काय कापलं जातं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नागपुरात सीताबर्डीपासून महालापर्यंत कुठल्याही दुकानात जा, चूक बहुधा यंत्राची नसते. फोटोचा आकार आणि कागदाचा आकार जुळत नसतो. बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांच्या फोटोची लांबी-रुंदी 3:2 या प्रमाणात असते, तर 8×10 इंचांच्या कागदाचे प्रमाण 5:4 असते, म्हणजे हा कागद फोटोपेक्षा आखूड असतो. कागद पूर्ण भरायचा म्हटले की फोटोच्या लांबीतला सहावा भाग बाहेर जातो, आणि दुकानदाराने काही हलवले नाही तर तो दोन्ही बाजूंनी सारखाच कापला जातो. घरच्या ग्रुप फोटोत कडेला कोण उभे असते? उशिरा आलेला जावई, नाही तर लहान मूल. मला ही गोष्ट मनापासून खटकते, कारण तो फोटो भिंतीवर लागल्यानंतर त्या मुलाचा अर्धाच चेहरा सगळ्यांना वर्षानुवर्षे दिसत राहतो.

फुटाळा तलावाच्या काठावर काढलेला एका कुटुंबाचा फोटो उदाहरणाला घेऊ. मधोमध खुर्चीवर आजी, दोन्ही बाजूंना सगळे रांगेत, डावीकडे टोकाला काका आणि उजवीकडे टोकाला नातू. फोटो 6000×4000 पिक्सेलचा आहे. 8×10साठी 4000ची उंची पूर्ण ठेवली, तर लांबी 5000च ठेवता येते. आता कापायची चौकट पडद्यावर ओढण्याआधी मोजायचे ते हे, की डावीकडच्या पहिल्या चेहऱ्यापासून उजवीकडच्या शेवटच्या चेहऱ्यापर्यंत अंतर किती आहे. काकांचा चेहरा डाव्या कडेपासून 850 पिक्सेलवर सुरू होतो आणि नातवाचा 5700वर संपतो, म्हणजे चेहऱ्यांनाच 4850 पिक्सेल लागतात. 5000मध्ये ते मावतात खरे, पण चौकट बरोबर मधे बसवूनही प्रत्येक बाजूला 75 पिक्सेलच उरतात आणि काकांचा खांदा व नातवाचा कोपर बाहेर जातात.

शिवाय हे 75 पिक्सेल कागदावर किती होतात ते पाहायला हवे. 5000 पिक्सेल 10 इंचांवर पसरले की एका इंचात 500 येतात, म्हणजे 75 पिक्सेल चार मिलिमीटरपेक्षाही कमी भरतात. बिनकडेच्या प्रिंटमध्ये कागद काठोकाठ भरावा म्हणून यंत्र फोटो किंचित मोठा करते आणि प्रत्येक बाजूचे दोन-तीन मिलिमीटर खाते. पुढे फ्रेमच्या खाचेत आणखी पाचेक मिलिमीटर झाकले जातात. म्हणून पडद्यावर सुरक्षित दिसणारा चेहरा फ्रेममध्ये गेल्यावर कानापासून कापलेला दिसतो. फ्रेम करायची असेल, तर चेहऱ्यापासून चौकटीच्या कडेपर्यंत या मापात निदान 200 पिक्सेल, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर, मोकळे ठेवावेत असे मी सांगतो. तेवढे मिळत नसतील, तर चौकट इकडे-तिकडे सरकवत बसण्यात अर्थ नाही. एकाला वाचवताना दुसरा जातो.

अशा वेळी माझी पहिली पसंती 8×12ला असते. तिचे प्रमाण 3:2च असल्यामुळे मुद्दाम काहीच कापावे लागत नाही, आणि नातवाच्या चेहऱ्यापलीकडे 300 पिक्सेल, म्हणजे दीड सेंटिमीटर, जागा राहते. पण घरात 8×10ची फ्रेम आधीच आणून ठेवलेली असेल, तर त्याच कागदावर 9×6 इंचांचा अख्खा फोटो मधोमध ठेवून घ्यावा. डावी-उजवीकडे अर्धा-अर्धा इंच आणि वर-खाली एक-एक इंच पांढरी कड राहते. यंत्र आणि फ्रेम जे खातात ते त्या कडेतूनच जाते. वर-खालची रुंद पट्टी काहींना आवडत नाही, हे मी जाणतो, तरी अर्ध्या चेहऱ्यापेक्षा ती मला केव्हाही बरी वाटते.

मोबाइलच्या फोटोत अडचण निराळ्या बाजूला येते. तो बहुधा 4:3चा असतो, त्यामुळे 8×10मध्ये थोडेच जाते, पण 4×6 काढताना उंचीतला नववा भाग जातो आणि मागच्या रांगेतल्यांची डोकी धोक्यात येतात. तिथे चौकट वर सरकवून काप खालून घ्यावा, मात्र तो घोट्यावर किंवा गुडघ्यावर येऊ देऊ नये, कारण सांध्यावर कापलेला पाय तुटल्यासारखा दिसतो.

दुकानात फाइल देताना "8×10 काढा" एवढेच सांगू नका. कापलेली चौकट आधी पडद्यावर दाखवायला सांगा आणि दोन्ही टोकांचे चेहरे स्वतः पाहा. फोटो अख्खा हवा असेल, तर छपाईच्या पडद्यावर Fill ऐवजी Fit निवडले आहे ना, हे विचारा. पण Fitने पांढरी कड वर-खालीच राहते, म्हणून चारही बाजूंना हवी असेल तर खात्रीचे म्हणजे कडेसकट 8×10ची फाइल घरीच तयार करून न्या.