ऐनवेळी रद्द होणाऱ्या भेटी आणि एका काकूंचा गुडघा

पुण्यात घरी जाऊन फिजिओथेरपी देणं हा माझा व्यवसाय. पेशंट बहुतेक गुडघा किंवा खुबा बदललेले, काही पक्षाघातातून सावरणारे. सकाळी आठ ते अकरा ही सगळ्यांना हवी असलेली वेळ. माणूस ताजातवाना असतो, घरात मदतीला कुणीतरी असतं. त्या वेळात कोथरूड, वारजे आणि सिंहगड रस्ता अशी तीन घरं जेमतेम बसतात. आठची भेट पावणेआठला रद्द झाली, तर ती वेळ दुसऱ्या कुणाला देता येत नाही. पक्षाघाताच्या पेशंटला उठवून, आवरून, खुर्चीत बसवायलाच घरच्यांना तासभर लागतो. त्यांना पंधरा मिनिटांत तयार राहा असं सांगणार कसं?

म्हणून पहिल्याच भेटीत मी घरच्यांच्या हातात एक कागद देते आणि तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवते. भेट नको असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत कळवा. त्यानंतर रद्द केली तर निम्मं शुल्क, म्हणजे 600 रुपयांपैकी 300. पहिल्या वेळी सूट. ती वेळ दुसऱ्या पेशंटला देता आली, तर काहीच घेणार नाही. शेवटची ओळ ठळक अक्षरात असते: ताप, जखमेतून स्राव, पोटरीत दुखणं किंवा सूज, दम लागणं यापैकी काही असेल तर शुल्काचा विचार करू नका, लगेच फोन करा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. तीनशे रुपये वाचवण्यासाठी कुणी सुजलेली पोटरी लपवली, तर तो नियम घातकच ठरेल.

निम्मंच का, असं एका सहकारी मैत्रिणीने विचारलं होतं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करार मोडल्याबद्दल आधी ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळू शकते. माझा जाण्यायेण्याचा वेळ आणि बुडालेली कमाई धरली, तर निम्मं शुल्क मला वाजवी वाटतं. पूर्ण शुल्क मागितलं, तर न केलेल्या कामाचे पैसे घेतल्यासारखं होईल आणि ते मला पटत नाही.

आता त्या काकूंबद्दल. वय सत्तरीच्या आत, डावा गुडघा जानेवारीच्या मध्यावर बदललेला. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिले दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. टाच गादीवरून घसरवत गुडघा वाकवणं, मांडीचा स्नायू आवळून धरणं, पाय सरळ ठेवून उचलणं, वॉकर घेऊन दिवाणखान्यात फेऱ्या मारणं, असा क्रम होता. जानेवारीच्या अखेरीस गुडघा 85 अंश वाकत होता. त्या टप्प्यावर एवढं वाकणं ठीक असतं.

फेब्रुवारीत भेटी सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा ठरल्या. बुधवारी 5 तारखेला सकाळी साडेसातला मुलाचा निरोप आला, "आज नको, पाहुणे आलेत." पहिली वेळ होती, नियमाप्रमाणे सूट दिली आणि तसं लिहूनही कळवलं. सोमवारी 10 तारखेला मी त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी पोचले होते, तेव्हा निरोप आला, "आई झोपलीये, परवा या."

बुधवारी 12 तारखेला भेट झाली. कोनमापकाचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक पट्टी खुब्याच्या हाडाच्या रेषेत, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या रेषेत. 84 अंश. दोनदा मोजलं, आकडा तोच. तोवर शंभरीच्या आसपास यायला हवं होतं. शिवाय पाय पूर्ण सरळही होत नव्हता, आठ अंश कमी पडत होते. उशाशी पाहिलं तर लोड होता. काकू रात्री गुडघ्याखाली तो घेऊन झोपत होत्या, बरं वाटतं म्हणून. तसं झोपल्याने गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो. लोड काढून टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल कसा ठेवायचा, ते दाखवलं. पण मला जास्त काळजी वाकवताना शेवटी लागणाऱ्या अडसराची होती. दुखण्यामुळे पेशंट पाय आवळतो तेव्हा हाताला एक प्रकारचा विरोध जाणवतो आणि थोडं बोलत राहिलं की तो सैल पडतो. सांध्यात चिवट ऊती धरायला लागल्या की विरोध वेगळा लागतो, बोलण्याने तो हलत नाही. काकूंच्या गुडघ्यात दोन्ही होतं.

शुक्रवारी 14 तारखेला, मी गाडी काढत असताना तिसरा निरोप आला: "आज जमणार नाही."

त्या मोकळ्या तासात मी घरीच थांबून मुलाला उत्तर लिहिलं. वेळ घेऊन लिहिलं, कारण एका बाजूला माझा बुडालेला वेळ होता आणि दुसऱ्या बाजूला चौथ्या आठवड्यात अडकलेला गुडघा. साधं चालायला सुमारे 65 अंश पुरतात, जिना चढायला 85 च्या आसपास लागतात, हात न टेकता खुर्चीतून उठायला 95 च्या पुढे. आखडलेला गुडघा व्यायामाने सुटला नाही, तर भूल देऊन वाकवावा लागतो आणि तो उपाय साधारण पहिल्या तीन महिन्यांतच नीट लागू पडतो. काकूंच्या हातात वेळ होता, पण वाया घालवण्याइतका नव्हता.

मी लिहिलं ते असं:

"नमस्कार सर. काकूंच्या व्यायामाच्या 5, 10 आणि 14 फेब्रुवारीच्या भेटी त्याच दिवशी सकाळी रद्द झाल्या. या महिन्यात ठरलेल्या सहापैकी तीनच भेटी होऊ शकल्या.

पहिल्या भेटीत दिलेल्या नियमानुसार आदल्या दिवशी संध्याकाळी सातनंतर रद्द झालेल्या भेटीचं निम्मं शुल्क लागतं. 5 तारखेला सूट दिली होती. 10 आणि 14 तारखेचे प्रत्येकी 300, असे 600 रुपये कृपया सोमवारच्या भेटीपर्यंत द्यावेत.

काकूंचा गुडघा दोन आठवडे 85 अंशांच्या आसपासच थांबला आहे. पुढचे काही आठवडे फार महत्त्वाचे आहेत, म्हणून भेटी नियमित होणं मला गरजेचं वाटतं. सकाळी आठची वेळ सोयीची नसेल तर साडेअकरा किंवा संध्याकाळी साडेचारची वेळ देऊ शकते. घरी येणारं जवळचं दुसरं कुणी फिजिओथेरपिस्ट सोयीचं वाटत असेल तर तसंही सांगा, मी व्यायामाचा तक्ता आणि मोजमापं लिहून देईन. आठची वेळ पुढेही हवी असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर सोमवारपासून ती मी दुसऱ्या पेशंटला देईन.

काकूंना काही त्रास होत असल्यामुळे भेटी रद्द होत असतील तर मला नक्की सांगा. त्यावर बहुतेक वेळा काहीतरी मार्ग निघतो."

यात पाहुणे, झोप वगैरे कारणांचा उल्लेख मी मुद्दाम टाळला. कारणावर बोट ठेवलं की समोरचा ते खरं असल्याचं पटवून द्यायला लागतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. तारखांवर वाद होत नाही, त्या दोघांच्याही फोनमध्ये असतात. "तुम्ही नेहमीच असं करता" या वळणाचं एकही वाक्य नको होतं. "तुमच्या सोयीने बघा"सुद्धा नको होतं, कारण मग रक्कम आणि मुदत दोन्ही ऐच्छिक होतात. दुसऱ्या फिजिओथेरपिस्टचा पर्याय मी धमकी म्हणून लिहिला नव्हता. नाराजीपायी मधेच उपचार सोडून देणं आमच्या कामात बसत नाही. सोडायचंच झालं, तर पुढच्या माणसाच्या हाती सगळं नीट सोपवून सोडायचं.

निरोप पाठवून मी वारज्याच्या पेशंटकडे गेले. दुपारी मुलाचा फोन आला. आवाजात आधी ताठरपणा होता. "मॅडम, पैशाचा प्रश्न नाही," असं म्हणाला. मी म्हटलं, "पैसे द्याल याची मला खात्री आहे. काकूंना काय होतंय ते सांगा." थोडा वेळ तो गप्प राहिला. मग सांगू लागला. पित्त होतं म्हणून काकूंनी सकाळची वेदनाशामक गोळी महिन्याच्या सुरुवातीलाच स्वतःहून बंद केली होती. गोळीविना व्यायाम झाला की संध्याकाळपर्यंत गुडघा ठणकायचा, आणि वाकवताना टाके उसवतील अशी धास्तीही त्यांनी घेतली होती. भेटीच्या दिवशी पहाटेपासून त्या "आज नको म्हणून सांग" असा धोशा लावायच्या. आईला दुखतं असं सांगितलं तर मॅडम रागावतील, म्हणून त्याने पाहुणे पुढे केले होते.

गोळी मी बदलू शकत नाही, तो माझा अधिकार नाही. त्याला लगेच शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करायला सांगितलं आणि मोजमापं मीही त्यांच्याकडे पाठवली. त्यांनी वेदनाशामक बदललं, सोबत पित्ताची गोळी दिली. भेटीची वेळ साडेअकरा केली, म्हणजे नाश्ता करून गोळी घ्यायची आणि पाऊण तासाने तिचा असर सुरू झाला की व्यायाम. आठची वेळ मोकळी झाली, ती प्रतीक्षेत असलेल्या एका आजोबांना मिळाली.

सोमवारी गेले तेव्हा मुलाने 600 रुपये आधीच पाठवले होते. ते मी ठेवले. 14 तारखेचे परत करावेत का, असा विचार मनात आला होता. पण दुखतंय एवढं आदल्या संध्याकाळी कळवलं असतं, तरी शुल्क लागलं नसतं. शिवाय एकदा नियम सांगून तो आपणच मागे घेतला, तर पुढच्या निरोपाला वजन राहत नाही. काकूंना मात्र मी पैशांबद्दल चकार शब्द बोलले नाही. त्यांच्याशी बोलायचं होतं टाक्यांबद्दल. आरसा आणून जखम दाखवली, चौथ्या आठवड्यात कातडी जुळलेली असते हे सांगितलं आणि गुडघा वाकवताना तिथे काय ताणलं जातं, ते त्यांच्याच बोटाने त्यांना चाचपायला लावलं. "मग हे आधीच का नाही सांगितलंत, ताई?" असं म्हणून त्यांनी स्वतःच टाच मागे ओढली.

सहा आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टरांनी मोजलं तेव्हा गुडघा 98 अंश वाकत होता आणि सरळ होण्यातली कमतरता तीन अंशांवर आली होती. भूल देऊन वाकवण्याचा विषय निघाला नाही. मार्चमध्ये मुलाने एकदा भेट रद्द केली, आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला. ती वेळ मी दुसऱ्या पेशंटला दिली, शुल्काचा प्रश्नच आला नाही.

सध्या काकू जिना चढतात, पण उतरताना मांडीचा स्नायू अजून थरथरतो. त्यासाठी दहा सेंटिमीटर उंचीच्या पाटावरून सावकाश पाय खाली टेकवायचा व्यायाम सुरू केला आहे.