घसाऱ्याने वाचलेला टॅक्स

“नवीन मशीन घेतलं की पहिल्याच वर्षी भरमसाट घसारा मिळतो म्हणतात. म्हणजे तेवढा टॅक्स कायमचा वाचला ना?”

नाही, वाचला नाही, पुढे गेला. घसारा म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी दर वर्षी नफ्यातून वजा होणारी रक्कम, तेवढ्या नफ्यावर त्या वर्षी टॅक्स लागत नाही. बेळगावात मी हिशेबाचं काम करतो. उद्यमबागेतली बरीच मंडळी मशीन घेण्याआधी माझ्याकडे हाच विचार घेऊन येतात, म्हणून आकडे मांडूनच सांगतो.

समजा, कास्टिंगचं मशिनिंग करणारी एक भागीदारी फर्म आहे. तिने जीएसटी वगळून 20 लाखांचं नवं सीएनसी लेथ घेतलं. यंत्रांवरचा नेहमीचा घसारा दर वर्षी शिल्लक किमतीच्या 15 टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी 3 लाख. उत्पादन करणाऱ्याला नव्या यंत्रावर एकदाच आणखी 20 टक्के मिळतात, ते 4 लाख. हा जादा 4 लाखांचा घसाराच काय तो सरकारने दिलेलं प्रोत्साहन. फर्मचा कर सेससकट 31.2 टक्के धरला, तर पहिल्या वर्षी 1,24,800 रुपये कमी भरावे लागतात.

आता दुसरं वर्ष. सवलत नसती तर शिल्लक किंमत 17 लाख असती आणि घसारा 2 लाख 55 हजार मिळाला असता. सवलत घेतल्यामुळे शिल्लक 13 लाखांवर आली, त्यामुळे घसारा फक्त 1 लाख 95 हजार. 60 हजारांनी नफा जास्त दिसतो आणि 18,720 रुपये टॅक्स जास्त जातो. तिसऱ्या वर्षी 15,912 रुपये जास्त. असं उतरत्या क्रमाने चालू राहतं. पाचव्या वर्षाअखेरीस जवळपास निम्मी रक्कम सरकारकडे परत गेलेली असते आणि उरलेलीही हळूहळू जाते. कारण साधं आहे: 20 लाखांच्या यंत्रावर घसारा एकूण 20 लाखांपेक्षा जास्त मिळूच शकत नाही. आधी जास्त घेतला की पुढे कमी उरतो.

मग फायदा किती? बँकेचं व्याज 10 टक्के धरून पुढच्या सगळ्या जादा टॅक्सची आजची किंमत काढली, तर ती 74,880 रुपये येते. 1,24,800 मधून ती वजा केल्यावर सुमारे 50 हजार उरतात. म्हणजे 20 लाखांच्या यंत्रावर खरी मदत अडीच टक्क्यांची. ती खोटी नाही. बिनव्याजी पैसे हाताशी असणं छोट्या कारखानदाराला फार मोलाचं असतं. पण 1 लाख 25 हजार मिळाले असं धरून हप्ता ठरवणाऱ्याचं गणित चुकतं, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

तारखेचंही भान हवं. आपल्याकडे दसऱ्याला मशीन घ्यायची रीत आहे. पण खरेदीच्या आर्थिक वर्षात यंत्र 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं तर त्या वर्षी दोन्ही घसारे निम्मेच मिळतात. जादा घसाऱ्याचा उरलेला अर्धा भाग पुढच्या वर्षी मिळतो. 2024 मध्ये दसरा 12 ऑक्टोबरला होता, म्हणजे मुहूर्त साधणाऱ्यांचे 180 दिवस भरले नाहीत. 2025 मध्ये तो 2 ऑक्टोबरला आला आणि जेमतेम भरले. इथे बिलाची तारीख चालत नाही, यंत्र प्रत्यक्ष वापरात आलेलं लागतं. हेस्कॉम या वीज कंपनीकडून वाढीव लोड मिळाला नाही म्हणून मशीन नुसतंच उभं असेल, तर ते दिवस मोजू नका. शिवाय त्या वर्षी नफाच नसेल, तर आज कमी करायला टॅक्सच नसतो. घसारा पुढे ओढला जातो आणि लवकर मिळण्याचा फायदा तिथेच ओसरतो.

“पण पूर्वी गुंतवणूक भत्ता मिळायचा, तो?” हेही विचारतात. तो वेगळा होता. 1976 साली आलेला 25 टक्क्यांचा भत्ता आणि 2013 नंतर काही वर्षं मोठ्या कंपन्यांना मिळालेला 15 टक्क्यांचा भत्ता घसाऱ्याच्या वर मिळत असे. त्यामुळे यंत्राची शिल्लक किंमत घटत नव्हती. तिथे कर खरोखर माफ होत होता, म्हणून अटीही कडक असत. ब्रिटनमध्ये मात्र याच नावाखाली यंत्राचा सगळा खर्च पहिल्याच वर्षी, मर्यादेत, वजा करू देतात. तिथे पुढच्या वर्षांसाठी काही उरत नाही, म्हणजे टॅक्स पुढेच ढकलला जातो.

दर वर्षी नवं मशीन घेणाऱ्याला हे उमगायला वेळ लागतो. जुन्या यंत्रामुळे वाढलेला टॅक्स नव्या यंत्राच्या घसाऱ्याखाली झाकला जातो. खरेदी थांबते त्या वर्षी तो उघडा पडतो, बहुधा ऑर्डर कमी झालेल्या वर्षी. मशीन विकलं तर विक्रीची रक्कम त्या गटातल्या यंत्रांच्या एकूण शिल्लक किमतीतून वजा होते आणि पुढचा घसारा आणखी घटतो. ती रक्कम त्या एकूण शिल्लक किमतीपेक्षा जास्त असेल, तर वरचा भाग त्याच वर्षी अल्पकालीन भांडवली नफा म्हणून करपात्र ठरतो. म्हणून मी फर्मच्या ताळेबंदाला एक वेगळा कागद जोडतो: सवलतीमुळे पुढे गेलेला किती टॅक्स अजून भरायचा बाकी आहे. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाअखेरीस त्यावर 1,24,800 लिहिलेले असतात, दुसऱ्या वर्षाअखेरीस 1,06,080. भागीदार वेगळे होताना किंवा शेड विकताना तो कागद आधी काढायचा.