ओयूत्नास

रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाही, कारण एक अक्षर.

परवा इथे शिकायला आलेला तो मराठी मुलगा मंगोलियनमध्ये लिहिलेला अर्ज घेऊन आला होता. पाच ओळींचा. 'ताई, नुसती नजर टाका.' मी लाल पेन घेऊन बसले.

चुका त्याच्या मराठी कानाच्या होत्या. आपलं 'हून' कुठेही लावा, बदलत नाही. पुण्याहून, मुंबईहून. मंगोलियनमध्ये त्याच 'हून'ची चार रूपं आहेत, आणि कुठलं घ्यायचं ते शब्दातले स्वर ठरवतात. तो उलानबातरला आल्यावर पहिलं शिकला 'उलानबातरास', उलानबातरहून. मग सगळीकडे 'आस'. भारताहूनला 'एनेत्खेगास' लिहिलेलं, तिथे 'एनेत्खेगेस' हवं. शब्दात सगळे 'ए', त्यांच्या व्याकरणात ते स्त्री-स्वर. शहराहूनला 'खोतास', हवं 'खोतोस', कारण 'खोत'मध्ये 'ओ' आहे. आणि 'प्रशिक्षणात'साठी 'सुर्गाल्तांद'. असं इथले लोकही सर्रास बोलतात, पण तो मधला 'न' त्या शब्दाचा नाहीच. लिहिताना 'सुर्गाल्ताद'.

तिन्ही बरोबर पकडल्या. मग चौथी पकडली, जी चूक नव्हती.

त्याला म्हणायचं होतं, इतर विद्यार्थ्यांकडूनही शिकायचं आहे. 'ओयूत्नास' लिहिलं होतं. मला पहिला 'ओ' दिसला आणि मी 'ओयूत्नोस' केलं. का? 'खोतोस' नुकतंच दुरुस्त केलं होतं म्हणून. मूळ शब्द 'ओयूतान'. 'ओ'चा गोलपणा पुढच्या स्वरांत वाहत जातो, पण मध्ये 'ऊ' आला की तिथेच अडतो. 'ऊ'नंतर 'आ'च. म्हणून तर शब्दाच्या शेवटी 'तान' आहे, 'तोन' नाही. प्रत्यय लावताना तो 'आ' गळतो, पण त्याचा हक्क राहतो. शब्दातच उत्तर होतं. मी नुसता मोठ्याने म्हणून पाहिला असता तरी कळलं असतं.

आज तो सांगत होता, कार्यालयातल्या बाईंनी पेन्सिलने एकच अक्षर बदललं. 'तुम्ही दुरुस्त केलेलंच, ताई.' तक्रार नव्हती त्यात. तेच जास्त लागलं.

सात वर्षं इथे राहून मला पहिला स्वर दिसतो, शेवटचा ऐकू येत नाही. हे दुपारपासून उगाळतेय. भाषा माझी नाहीच, असंही वाटून गेलं. आईला फोन करणार होते, मग... असो.

पण त्याने ते बरोबर लिहिलं कसं? नियम तर त्याला ठाऊकच नाही. विचारलं, तर म्हणाला, वसतिगृहात दिवसभर हेच ऐकतो, तोंडातून तसंच येतं. म्हणजे 'खोतास' लिहिणारा हाच मुलगा हा शब्द कानाने शिकला होता, आणि मी डोळ्यांनी खोडला.

उद्या तो पुढचा अर्ज आणणार आहे. त्याला आधी मोठ्याने वाचायला सांगणार. पेन टोपण लावूनच ठेवेन.