नोकरी मिळाल्यावर लिंक्डइन प्रीमियम बंद करताना

"ऑफर लेटरवर सही झाली. आता लिंक्डइनचं प्रीमियम कधी आणि कुठून बंद करू? फोनवरून ॲप काढून टाकलं तर पुरे ना?"

नाही, तेवढं पुरत नाही. ॲप काढल्याने फोनवरचं चिन्ह जातं, पैसे कापण्याची परवानगी तशीच राहते. ही परवानगी तुम्ही कोणाला दिली होती, ते सगळ्यात आधी शोधा. प्रीमियम संगणकावर, लिंक्डइनच्या संकेतस्थळावर घेतलं असेल तर पैसे लिंक्डइन घेतं. आयफोनच्या ॲपमधून घेतलं असेल तर ॲपल घेतं, आणि अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमार्फत घेतलं असेल तर गूगल घेतं. जो पैसे घेतो त्याच्याकडेच ते बंद होतं. आठवत नसेल तर मेलमध्ये शेवटची पावती शोधा. ती ज्याच्याकडून आली असेल, त्याच्याकडे जा.

लिंक्डइनकडून घेतलं असेल तर सेटिंग्जमध्ये `Subscriptions & payments` हा भाग उघडा. तिथून `Manage Premium account` आणि मग `Cancel subscription`. यानंतर लगेच काम होत नाही. का सोडताय ते विचारलं जातं, काय काय गमवाल ते दाखवलं जातं, कधी सवलतही पुढे केली जाते. बरेच जण इथेच समजतात की झालं, आणि पान बंद करतात. शेवटची खात्री करणारं बटण दाबेपर्यंत काहीही बदललेलं नसतं.

आयफोनवर फोनच्या सेटिंग्जमध्ये वर दिसणाऱ्या आपल्या नावावर, मग `Subscriptions` वर जायचं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून आपल्या फोटोवर, मग `Payments & subscriptions` वर.

बंद कधी करायचं, याचं माझं उत्तर ठाम आहे: सही झाली की लगेच. नोकरीवर रुजू होईपर्यंत थांबायचं कारण नाही, कारण बंद केलं तरी भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत प्रीमियमच्या सोयी चालूच राहतात. समजा दर महिन्याच्या 18 तारखेला नूतनीकरण होतं आणि तुमची सही 5 तारखेला झाली. 5 तारखेलाच बंद केलंत तरी 18 पर्यंत सगळं वापरता येईल. 17 च्या रात्रीपर्यंत थांबलात तर मात्र उशीर होऊ शकतो, कारण ॲपल नूतनीकरणाच्या किमान 24 तास आधी बंद करायला सांगतं. फुकटच्या चाचणी महिन्यातही किमान एक दिवस आधी बंद करावं लागतं, नाहीतर पहिला हप्ता कापला जातो. वर्षभराचा प्लॅन असेल तर तो वर्षाच्या शेवटी संपेल. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील या हिशोबावर राहू नका.

मधल्या दिवसांचा उपयोग करून घ्या. न वापरलेली इनमेल क्रेडिट्स प्लॅनबरोबर जातात, म्हणून ओळखीबाहेरच्या कोणाला लिहायचं राहिलं असेल तर आताच लिहा. तुमची प्रोफाइल कोणी पाहिली याची लांब यादीही जाईल आणि मोजकीच अलीकडची नावं उरतील, तेव्हा कामाची नावं टिपून ठेवा. लिंक्डइन लर्निंगवरचा अर्धवट कोर्स पूर्ण करून प्रमाणपत्र उतरवून घ्या. प्रोफाइल, ओळखी आणि आधीचे संदेश यांना धक्का लागत नाही.

खरोखर बंद झालं की नाही, हे तारखेशेजारच्या शब्दावरून कळतं. पुढच्या हप्त्याची तारीख दिसत असेल तर ते चालू आहे, मुदत संपण्याची तारीख दिसत असेल तर बंद झालं आहे. आयफोनवर `Cancel` बटणच दिसत नसेल, तर बहुधा ते आधीच बंद झालेलं असतं. या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. दोन-तीन तासांनी तेच पान पुन्हा उघडून पाहिलं तर अधिक चांगलं.

पैसे कापले जातात पण सेटिंग्जमध्ये प्रीमियम दिसतच नाही, अशीही वेळ येते. तेव्हा बहुधा तुमची दोन खाती असतात, एक वैयक्तिक मेलवरचं आणि एक कधीतरी कार्यालयाच्या मेलवरून उघडलेलं. पावती ज्या मेलवर येते त्या खात्यात जाऊन पाहा. आयफोनवर घेतलेलं असेल तर दुसरं ॲपल अकाउंट तर नाही ना, तेही तपासा.

म्हणूनच जुनी नोकरी सोडणाऱ्यांनी एक काम शेवटच्या दिवसाआधी उरकावं. लिंक्डइनवर जुन्या कार्यालयाचा मेल मुख्य पत्ता म्हणून असेल तर तो बदलून वैयक्तिक करा. तो मेल बंद झाला की पासवर्ड बदलण्याचा दुवाही तिकडेच जाईल आणि बंद केल्याची पोचही. मग खात्यात शिरणंच अवघड होऊन बसतं, आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातो.